लूडोत कुठली सोंगटी हलवायची? मागे किती घरं, एवढं मोजा

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी लूडोचा पट मांडला जातो. मामी, शेजारचे काका, नववीतली भाची आणि मी. परवा भाचीने दान टाकलं, चार पडले, आणि ती म्हणाली, "आत्या, कुठली हलवू? सगळ्यात पुढची ना?" तिला उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला, म्हणून ते इथे नीट लिहून काढते.

फाशावर काय पडेल ते आपल्या हातात नाही. पण पडलेलं दान कुठल्या सोंगटीवर खर्च करायचं हे प्रत्येक वेळी आपणच ठरवतो, आणि एका डावात असे कितीतरी निर्णय येतात. त्यातले बरेचसे दोन गोष्टी मोजून सुटतात. सोंगटीच्या मागे सहा घरांच्या आत कोण उभं आहे, ही पहिली. ती सोंगटी मेली तर किती घरांची चाल वाया जाईल, ही दुसरी.

त्यासाठी आधी पटाला नंबर देऊ. आपली सोंगटी जिथे बाहेर पडते त्या घराला १ म्हणा. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत गेलात की ५१ हे बाहेरच्या रस्त्यावरचं तुमचं शेवटचं घर. ५२ पासून तुमच्या रंगाची गल्ली सुरू होते, ती ५६ पर्यंत. ५७ म्हणजे मधला त्रिकोण, तिथे सोंगटी पिकली. बाहेरच्या रस्त्यावर एकूण ५२ घरं असतात, पण त्यातल्या एका घरावर तुमचं पाऊल कधीच पडत नाही. ते म्हणजे तुमच्या बाहेर पडण्याच्या घराच्या लगेच मागचं घर, कारण त्याच्या एक घर आधीच तुम्ही गल्लीत वळता.

या मोजणीत सुरक्षित घरं आठ आहेत: १, ९, १४, २२, २७, ३५, ४० आणि ४८. यातली १, १४, २७, ४० ही चौघांची बाहेर पडण्याची घरं, उरलेल्या चारांवर तारा असतो. पचीशीच्या कापडी पटावर फुली काढलेली घरं असायची, तिथे सोंगटी मारता येत नसे. तोच हा नियम.

आता या आकड्यांमधलं अंतर बघा. बाहेर पडण्याच्या घरापासून ताऱ्यापर्यंत आठ घरं, आणि ताऱ्यापासून पुढच्या खेळाडूच्या बाहेर पडण्याच्या घरापर्यंत पाच. पुन्हा आठ, पुन्हा पाच. पाचाचं अंतर एका दानात पार होऊ शकतं. आठाचं होत नाही. सहा पडून लगेच दोन पडले तरच एका पाळीत ताऱ्यावर पोचता येतं, एरवी मध्ये कुठेतरी उघड्यावर थांबावं लागतं. आणि हा आठाचा लांब पट्टा नेमका कुणाच्या तरी दारासमोरून सुरू होतो. मामीच्या सोंगट्या जिथून बाहेर पडतात तिथून पुढची सात घरं म्हणूनच पटावरची वाईट जागा.

या पट्ट्यात पाऊल टाकायचं ठरलंच तर एक घर पुढे जाऊ नका. एकच घर गेलात तर तारा अजून सात घरं लांब राहतो, म्हणजे पुढच्या एका दानात पोचणं शक्यच नाही. दोन किंवा जास्त गेलात तर तारा सहाच्या आत येतो आणि एक नेमकं दान तुम्हाला वाचवू शकतं. शिवाय ज्याच्या दारातून जायचं आहे, त्याची सोंगटी दारात उभी आहे का ते आधी बघा. दार रिकामं असेल आणि त्याच्या सोंगट्या आत बसलेल्या असतील, तर तुम्हाला मारायला त्याला आधी सहा आणि मग नेमका आकडा लागतो: छत्तीसात एक. दारात सोंगटी उभी असेल तर सहात एक. म्हणजे दार रिकामं असताना तो पट्टा सहापट कमी धोक्याचा असतो.

हे छत्तीस आणि सहा कुठून आले ते सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

शत्रूची सोंगटी तुमच्या मागे तीन घरांवर आहे. तिला तीनच पडायला हवेत. सहातली एक शक्यता. एक घर मागे असेल तर एकच पडायला हवा, तीही सहातली एकच. सहा घरं मागे असेल तर सहा पडायला हवेत, पुन्हा सहातली एक. म्हणजे एक घरापासून सहा घरांपर्यंत धोका तंतोतंत सारखा आहे. अगदी पाठीला चिकटून बसलेली सोंगटी बघितली की पोटात गोळा येतो, आणि सहा घरं लांबची दिसतसुद्धा नाही. पण दोघी सारख्याच धोक्याच्या.

सातव्या घरावर मात्र चित्र पालटतं. सात घरं मागून मारायला आधी सहा पडायला हवेत, मग एक. सहात एक, त्यातही सहात एक, म्हणून छत्तीसात एक. बाराव्या घरापर्यंत हेच प्रमाण राहतं. त्यापलीकडे दोन सहा आणि वर एक नेमकं दान लागतं, ते विसरलं तरी चालेल. थोडक्यात, मागच्या सोंगटीपासून दोन घरांवरून पाच घरांवर पळालात तर काहीच मिळवलं नाही. सहावरून सातवर गेलात तर धोका एकदम सहापटीने उतरला.

एक बारकावा इथे सोडून देते आहे. समोरच्याला सहा पडले तर तो ते दुसऱ्या सोंगटीवर वापरून पुढच्या दानात तुम्हाला मारू शकतो. त्यामुळे खरा धोका किंचित जास्त असतो. पण तो सगळ्याच पर्यायांना सारखा लागू होतो, त्यामुळे तुलना बिघडत नाही.

मागे दोन सोंगट्या असतील तर? दोन्ही एकाच खेळाडूच्या आणि वेगवेगळ्या अंतरावर असतील, तर त्याची दोन दानं चालतात: सहात दोन. दोन्ही एकाच घरावर असतील, तर एकच दान चालतं: सहात एक. दोन वेगळ्या खेळाडूंच्या असतील, तर दोघेही चुकण्याची शक्यता छत्तीसात पंचवीस, म्हणून मार बसण्याची छत्तीसात अकरा. हाच हिशोब उलटा करून आपण मारायला जाताना वापरायचा. पुढे एखादी मोठी शिकार दिसत असेल, तर आपल्या दोन सोंगट्या तिच्या मागे वेगवेगळ्या अंतरावर ठेवाव्यात, म्हणजे दोन दानं आपली होतात.

आणि मागे दिसणारी प्रत्येक सोंगटी धोक्याची नसते. भाचीचं बाहेर पडण्याचं घर माझ्या मोजणीत १४ आहे. तिची सोंगटी १२ वरून तिच्या गल्लीत वळते. म्हणून माझी सोंगटी १६ वर असेल आणि तिची ११ वर, तर ती पाच घरं मागे दिसते खरी, पण ती माझ्यापर्यंत कधीच येणार नाही. ती घरी निघाली आहे. मागे वळून बघताना कुठली सोंगटी आपल्या मागे येणार आणि कुठली आधीच वळणार, हे बघितलंत तर निम्मी भीती तिथेच संपते.

आता दुसरी गोष्ट, किंमत. ५ वर उभी असलेली सोंगटी मेली तर चार घरं गेली आणि पुन्हा सहाची वाट बघणं आलं. ४५ वरची मेली तर चव्वेचाळीस घरं गेली आणि सहाची वाट आहेच. दोघींच्या मागे एकेक शत्रू असेल तर शक्यता सारखीच, सहात एक, पण पहिलीच्या बाबतीत सरासरी एका घराहून कमी पणाला लागलं आहे आणि दुसरीच्या बाबतीत सात घरांहून जास्त. म्हणून भाचीच्या "सगळ्यात पुढची ना?" या प्रश्नाचं उत्तर असं: सगळ्यात पुढची सोंगटी सगळ्यात महाग असते, तिला आधी वाचवायचं. पण ती ताऱ्यावर उभी असेल तर तिला हलवण्याची घाई कशाला?

मारण्यालाही हीच तराजू लावायची. काकांची नुकतीच बाहेर आलेली सोंगटी मारून त्यांचं फारसं काही जात नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलेली मारली तर त्यांची सगळी फेरी जाते. चौघं खेळत असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: एकाचं नुकसान झालं की फायदा उरलेल्या तिघांचा होतो, एकट्या तुमचा नाही. दोघंच खेळत असाल तर मात्र तो सगळा तुमचा.

गल्लीबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण तिथे आमच्या घरातली सगळी मंडळी वर्षानुवर्षं एकच चूक करत आलेली मी बघितली आहे. सोंगटी गल्लीत शिरली की ती एकेक घर पुढे ढकलत त्रिकोणाच्या जवळ न्यायची. जवळ गेली की लवकर पिकेल, असा सगळ्यांचा समज. पण त्रिकोणात जायला नेमकं दान लागतं. सोंगटी एक घर लांब असेल तर एकच हवा, पाच घरं लांब असेल तर पाचच हवेत. दोन्हीकडे शक्यता सहात एक. ५१ वर, गल्लीच्या तोंडाशी, सहा घरं लांब उभी असलेली सोंगटीसुद्धा प्रत्येक दानाला सहात एक इतकीच पिकायच्या जवळ असते. म्हणून एकट्या सोंगटीला शेवटच्या सहा घरांतून कुठूनही पिकायला सरासरी सहा दानं लागतात. आत सरकवून वेळ वाचत नाही.

यातून दोन उपयोगी गोष्टी निघतात. गल्लीतली सोंगटी नकोशी दानं जिरवायला कामाला येते. तुमच्या बाहेरच्या सोंगट्या ताऱ्यावर सुखात बसल्या आहेत आणि पडले दोन. काहीतरी हलवणं भाग आहे. गल्लीत चार घरं शिल्लक असलेली सोंगटी असेल तर ते दोन तिथे घालवा, काही बिघडत नाही. हीच जागा आधीच्या दानांत विनाकारण संपवलेली असेल तर ताऱ्यावरची सोंगटी उघड्यावर आणावी लागते. दुसरी गोष्ट, गल्लीत दोन सोंगट्या असतील तर त्यांना एकाच घरावर बसवू नका. दोघींनाही तीनच हवे असतील तर एकच दान कामाचं. एकीला दोन आणि दुसरीला पाच हवे असतील तर दोन दानं कामाची.

आता परवाचा डाव. पाळी माझी, पडले तीन.

माझी एक सोंगटी ४४ वर होती, उघड्यावर. तिच्या मागे दोन घरांवर, ४२ वर, मामीची सोंगटी, आणि चार घरांवर, ४० वर, काका स्वतःच्या दारात उभे. माझी दुसरी २२ वर, ताऱ्यावर. तिसरी गल्लीत ५३ वर, म्हणजे तिला चार हवे. चौथी आत बसलेली. २५ वर भाचीची एकुलती एक बाहेर आलेली सोंगटी, बाकी तिन्ही तिच्या आतच. मामीच्या दोन पिकलेल्या होत्या, एक आत होती.

तीन पर्याय होते. गल्लीतली ५३ वरून ५६ वर नेणं. ४४ वरची ४७ वर पळवणं. किंवा २२ वरची २५ वर नेऊन भाचीची मारणं.

गल्लीत तीन घालवले असते तर ४४ वरची होती तशीच उघड्यावर राहिली असती. मामी आणि काका, दोघांपैकी कुणीतरी मारण्याची शक्यता छत्तीसात अकरा. पणाला त्रेचाळीस घरं. सरासरी नुकसान तेरा घरांचं. इथे जिरवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो पर्याय गेला.

४७ वर पळवली असती तर मामी पाच घरं मागे राहिली असती, धोका तसाच. पण काका चारवरून सातवर गेले असते, म्हणजे जवळजवळ सुटकाच. एकूण शक्यता छत्तीसात साधारण सात, सरासरी नुकसान नऊ घरांचं. तेरावरून नऊ, चांगली चाल.

भाचीची मारली असती तर तिची जेमतेम अकरा घरं गेली असती, आणि ती सगळ्यात मागे होती. तिला आणखी मागे ढकलून माझा विशेष फायदा नव्हता. नुसतं एवढंच बघितलं तर ४७ ची चाल बरी. पण आमच्याकडे सोंगटी मारली की आणखी एक दान मिळतं, आणि नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या लूडो किंगमध्येही तसंच आहे. ते जास्तीचं दान मी ४४ वरच्या सोंगटीसाठी वापरू शकत होते. चार पडले तर ती ४८ च्या ताऱ्यावर. पाच किंवा सहा पडले तर ४९ किंवा ५० वर, मामी आणि काका दोघंही सहा घरांच्या पलीकडे. तीन पडले तर ४७. फक्त एक किंवा दोन पडले तर धोका तसाच. सगळ्याची सरासरी काढली तर नुकसान सात घरांच्या आत येतं, नऊपेक्षा कमी. शिवाय २५ वरच्या माझ्या सोंगटीच्या मागे बारा घरांत कुणीही नव्हतं, म्हणून तारा सोडून काही बिघडत नव्हतं. म्हणून मी मारलं.

काही घरांत मारल्याचं जास्तीचं दान देत नाहीत. तिथे हाच पट, हेच तीन, आणि मी ४७ वर पळाले असते. काही घरांत एकतरी सोंगटी मारल्याशिवाय गल्लीत शिरू देत नाहीत. तिथे पहिली शिकार अकरा घरांची असली तरी सोडायची नसते. घरचा नियम आधी विचारून घ्या, मग मोजा.

जास्तीचं दान पडलं दोन. भाची लगेच म्हणाली, "आत्या, गल्लीत घाल." मी ४४ वरची ४६ वर नेली. मामी आता चार घरं मागे, काका सहा घरं मागे, धोका होता तेवढाच. पण ४४ वरून सहा पडले असते तर ती ५० वर उघडीच राहिली असती. ४६ वरून सहा पडले तर ती सरळ ५२ वर, गल्लीत. शिवाय दोन पडले की तारा आहेच.

भाचीला पाच पडले, सोंगट्या सगळ्या आत, पाळी गेली. मामीला तीन पडले आणि ती ४५ वर, माझ्या पाठीला येऊन टेकली. भाचीने माझा हात धरला. पण चार घरं मागे काय आणि एक घर मागे काय. मग काकांना पाच पडले. ४० वरून ४५. माझ्या पाठीमागची मामीची सोंगटीच त्यांनी उडवली, आणि जास्तीच्या दानात तीन घेऊन माझ्यावरून ४८ च्या ताऱ्यावर जाऊन बसले.

मला सहा पडले. ४६ वरची ५२ वर, गल्लीत. सहाचं जास्तीचं दान आलं ते तीन. २५ वरची हलवली असती तर ती २८ वर, मामीच्या दारापुढे एका घरावर थांबली असती, आणि मामीच्या दोन सोंगट्या आत बसलेल्या. म्हणून ते तीन गल्लीतच घालायचे होते, पण दोघींपैकी कुठलीत? ५२ वरची ५५ वर नेली असती तर तिला दोन हवे झाले असते, आणि २५ वरचीलाही २७ च्या सुरक्षित घरावर जायला दोनच हवे होते. एकच दान दोघींनी मागितलं असतं. ५३ वरची ५६ वर नेली तर तिला एक हवा, ५२ वरचीला पाच, २५ वरचीला दोन, आणि सहा पडले तर चौथी बाहेर. भाचीने बोटांवर मोजलं, एक, दोन, पाच, सहा, आणि ५३ वरची सोंगटी तिनेच पुढे सरकवली.